बेल आयकॉन दाबता येत नाही तेव्हा

यूट्यूबवर एखादे मराठी बालगीत लावावे आणि गाण्याऐवजी त्याच्या खालची पट्टी नीट पाहावी. गाण्याला लाखो व्ह्यूज असतात, पण खाली एकही कमेंट दिसत नाही. कमेंटच्या जागी Comments are turned off एवढीच ओळ असते. सबस्क्राइबचे बटण चालते, मात्र शेजारच्या बेल आयकॉनने सूचना चालू होत नाहीत. गाणे नंतर ऐकण्यासाठी Save वर बोट ठेवले, तर मुलांसाठीच्या व्हिडिओवर ही सोय बंद असल्याचा संदेश येतो. नातवासाठी गाण्यांची यादी करायला बसलेल्या आजोबांना वाटते की फोन बिघडला. अंगणवाडीत दाखवायची गाणी आदल्या रात्री जमवून ठेवू पाहणाऱ्या सेविकेला वाटते की आपल्या खात्यातच काहीतरी अडले आहे. फोन आणि खाते दोन्ही ठणठणीत असतात. त्या व्हिडिओवर ‘मुलांसाठी बनवलेला’, म्हणजे Made for kids, अशी खूण केलेली असते, आणि ती खूण असलेल्या प्रत्येक व्हिडिओवर यूट्यूब ठरावीक सोयी काढून घेते.

ही खूण साधारणपणे पाहणाऱ्याला व्हिडिओवर कुठे लिहिलेली दिसत नाही. चित्रपटाच्या प्रमाणपत्रासारखा कोपऱ्यात शिक्का नसतो. काय दिसत नाही आणि काय चालत नाही, यावरूनच ती ओळखायची असते. म्हणून आधी या सोयी का बंद झाल्या ते समजून घेतले, तर ओळखणे सोपे जाते.

अमेरिकेत 1998 साली मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा झाला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो कोप्पा म्हणून ओळखला जातो. तेरा वर्षांखालील मुलाची वैयक्तिक माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही, हा त्याचा गाभा. वैयक्तिक माहिती म्हणजे फक्त नाव आणि पत्ता नव्हे. एकच व्यक्ती किंवा एकच यंत्र पुन्हा पुन्हा ओळखता येईल असा कायमस्वरूपी क्रमांकही त्यात धरला जातो. ब्राउझरमधली कुकी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. यूट्यूबचा जाहिरातीचा धंदा अशाच क्रमांकांवर चालत होता. कोणी काय पाहिले याची नोंद ठेवायची आणि त्यावरून जाहिरात निवडायची. आमचा मंच तेरा वर्षांवरच्यांसाठी आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. पण हीच कंपनी खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांसमोर आपण मुलांमध्ये किती लोकप्रिय आहोत हे अभिमानाने सांगत होती, आणि ते कागद तपासात पुढे आले. सप्टेंबर 2019 मध्ये अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांशी झालेल्या तडजोडीत गूगल आणि यूट्यूबने 17 कोटी डॉलर भरायचे कबूल केले. त्यातले 13.6 कोटी कमिशनला गेले आणि उरलेले न्यूयॉर्कला.

दंडापेक्षा तडजोडीतली एक अट पुढे जास्त परिणामकारक ठरली. चॅनेल चालवणाऱ्याला आपला मजकूर मुलांसाठी आहे की नाही हे सांगता येईल, अशी व्यवस्था यूट्यूबने उभारायची होती. ती 2019 च्या अखेरीस आली आणि जानेवारी 2020 पासून जगभर लागू झाली. कायदा अमेरिकेचा असला तरी त्याचा परिणाम कोल्हापुरात बसून बालगीते बनवणाऱ्यावरही होतो, तो यामुळे.

या व्यवस्थेमागचा विचार एकच आहे. व्हिडिओ मुलांसाठी असेल, तर तो पाहणारा प्रत्येक जण मूल आहे असे धरायचे. खाते पन्नाशीतल्या बाईचे आहे की साठीतल्या गृहस्थाचे, हे पाहायचे नाही, कारण त्यांचा फोन त्या क्षणी नातवाच्या हातात असू शकतो. बंद झालेली जवळजवळ प्रत्येक सोय या एका गृहीतकापाशी येऊन पोचते.

कमेंटचेच पाहा. सात वर्षांचे मूल कमेंटमध्ये आपले नाव, शाळा, कधी आईचा फोन नंबरसुद्धा सहज लिहून टाकते. तेवढ्याने त्याची वैयक्तिक माहिती गोळा होते. म्हणून कमेंट बंद, आणि व्हिडिओ थेट प्रक्षेपणाचा असेल तर लाइव्ह चॅटही बंद. बेल आयकॉन दाबला की एका खात्याला पुन्हा पुन्हा हाका मारून बोलवायची सोय होते, म्हणून तोही बंद. व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये किंवा Watch later मध्ये ठेवणे म्हणजे त्या मुलाची आवड त्याच्या नावावर नोंदवणे, म्हणून Save बंद. पैशांशी संबंधित सोयीही जातात. सुपर चॅट, सुपर थँक्स, चॅनेलची मेंबरशिप, वस्तूंची विक्री, यातले काहीच या व्हिडिओंवर राहत नाही. व्हिडिओच्या मध्येच वर डोकावणारी माहितीची कार्डे आणि शेवटी येणारे ‘हाही व्हिडिओ पाहा’ असे चौकोन, ज्यांना एंड स्क्रीन म्हणतात, तेही नाहीसे होतात. पूर्ण चॅनेलच मुलांसाठीचे असेल, तर चॅनेलवर लेखी पोस्ट टाकता येत नाहीत.

जाहिराती मात्र सरसकट बंद होत नाहीत, आणि इथे बऱ्याच पालकांची गफलत होते. बंद होते ती पाहणाऱ्याचा माग काढून निवडलेली जाहिरात. व्हिडिओच्या विषयावरून निवडलेली जाहिरात चालते. काल रात्री ज्या मिक्सरची चौकशी केली त्याची जाहिरात बालगीताच्या आधी येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. अशा सरसकट जाहिरातींना भाव कमी मिळतो, त्यामुळे ही खूण लागली की व्हिडिओची कमाई घटते. खूण टाळण्याचा मोह तिथूनच सुरू होतो.

आता ओळखायचे कसे ते पाहू. सगळ्यात फसवी निशाणी आहे कमेंट नसण्याची. चॅनेलवाल्याने शिवीगाळीला कंटाळून कमेंट स्वतः बंद केल्या असल्या, तरी तीच Comments are turned off ओळ येते. यूट्यूबनेही 2019 च्या सुरुवातीला लहान मुले दिसतात अशा खूप व्हिडिओंवरच्या कमेंट बंद केल्या होत्या, आणि त्याचा या खुणेशी संबंध नव्हता. तिसरी शक्यता पाहणाऱ्याच्याच बाजूला असते. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या संगणकावर Restricted Mode चालू असेल, तर कुठल्याच व्हिडिओच्या कमेंट दिसत नाहीत. मुलासाठी पालकांनी काढून दिलेल्या देखरेखीच्या खात्यातही तसेच होते. म्हणून पहिल्यांदा आपल्या खात्याच्या चित्रावर टिचकी मारून खालच्या यादीत Restricted Mode बंद आहे ना ते पाहावे, आणि मोठ्या माणसाच्या साध्या खात्याने लॉगिन करावे.

मग खात्रीची चाचणी Save ची. कमेंट बंद असलेला पण मोठ्यांसाठीचा व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये निमूटपणे जातो. मुलांसाठीचा जात नाही, आणि का जात नाही तेही संदेशात कळते. अनेकदा व्हिडिओच्या खाली YouTube Kids हे वेगळे अ‍ॅप वापरा अशी पट्टीही असते. कमेंट नाहीत, Save अडते आणि ही पट्टी दिसते, अशा तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर शंकेला जागा उरत नाही.

थोडी तांत्रिक सवय असलेले लोक पानाचा सोर्स उघडून त्यात शोध घेतात. तिथे `isFamilySafe` असे एक नाव सापडते, त्याच्यापुढे `true` असते आणि शोध संपला असे वाटते. पण ती ओळ काही वेगळेच सांगते. प्रौढांपुरता मर्यादित नसलेल्या जवळपास प्रत्येक व्हिडिओवर ती `true` असते, मग तो शेअर बाजाराचा असो की मिसळपावाचा. मुलांसाठीची खूण तिच्यावरून कळत नाही.

नेमके उत्तर यूट्यूब स्वतःच देते, पण ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी ठेवलेल्या दारातून. त्याचे नाव YouTube Data API v3. गूगल क्लाउडवर एक चावी, म्हणजे API key, तयार करून घ्यायची. व्हिडिओच्या पत्त्यात `v=` नंतर येणारी अकरा अक्षरे ही त्या व्हिडिओची ओळख. ती पुढच्या ओळीत VIDEO_ID च्या जागी आणि आपली चावी API_KEY च्या जागी घालून ओळ ब्राउझरमध्ये टाकायची.

```
https://www.googleapis.com/youtube/v3/videos?part=status&id=VIDEO_ID&key=API_KEY
```

उत्तरात बऱ्याच ओळी येतात. त्यातली आपल्या कामाची एकच.

```
"madeForKids": true
```

`true` असेल तर खूण आहे, `false` असेल तर नाही. एका विनंतीत स्वल्पविराम देऊन पन्नास व्हिडिओंची ओळख घालता येते. त्यामुळे शाळेसाठी पाच-पन्नास गाण्यांची यादी तपासायची असेल, तर प्रत्येक गाणे उघडून Save दाबत बसण्यापेक्षा हा मार्ग बरा. ही नोंद व्हिडिओची त्या घडीची स्थिती सांगते. खूण चॅनेलवाल्याने स्वतः लावली की यूट्यूबने, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी `selfDeclaredMadeForKids` अशी वेगळी नोंद आहे, पण ती फक्त व्हिडिओच्या मालकाला वाचता येते.

मालकाच्या बाजूने हीच गोष्ट जास्त गुंतागुंतीची होते. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओ चढवताना Audience या मथळ्याखाली प्रश्न येतो, हा व्हिडिओ मुलांसाठी बनवलेला आहे का? उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चॅनेलच्या सेटिंगमध्येही हाच प्रश्न एकदा कायमचा विचारलेला असतो. नेहमी हो, नेहमी नाही, किंवा प्रत्येक व्हिडिओच्या वेळी ठरवेन, असे तीन पर्याय. मराठीत चॅनेल चालवणारे कितीतरी जण इथे ‘हो’ म्हणून जातात, कारण ते ‘मुलांनी पाहिले तर चालेल ना?’ या प्रश्नाचे उत्तर देत असतात. आपला व्हिडिओ घरात सगळ्यांसमोर पाहण्यासारखा आहे, मग ‘नाही’ कशाला म्हणायचे? ‘नाही’ म्हटले की व्हिडिओवर प्रौढांसाठीचा शिक्का बसेल, अशी भीतीही असते. प्रत्यक्षात अठरा वर्षांची अट हा त्याच पानावर खाली असलेला वेगळा प्रश्न आहे. ‘मुलांसाठी बनवलेला नाही’ याचा अर्थ एवढाच की तो सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी आहे.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, पेणच्या बाजूचा एक मूर्तिकार शाडूच्या गणपतीवर व्हिडिओ करतो. पहिल्या व्हिडिओत तो माती किती ओली ठेवायची, सोंडेला आधार कसा द्यायचा, मूर्ती उन्हात ठेवली तर तडे का जातात आणि सावलीत का वाळवायची, ते सांगतो. हा व्हिडिओ एखादा चौथीतला मुलगा डोळे विस्फारून पाहील, तरी तो मुलांसाठी बनवलेला नाही. बोलणे, वेग, विषयाची खोली, सगळे मोठ्या शिकाऊ माणसाला धरून आहे. दुसऱ्या व्हिडिओत तोच मूर्तिकार ‘बालमित्रांनो’ म्हणून सुरुवात करतो, हातात बाहुलीचा उंदीरमामा असतो, मातीचा इवलासा मोदक कसा वळायचा ते गाण्यातून सांगतो. हा उघडपणे मुलांसाठी. कमिशन ज्या गोष्टी पाहतो त्या इथे एकामागून एक हजर आहेत. विषय, भाषा, मुलांना आवडणारी पात्रे, मुलांचे गाणे, मुलांसाठीची कृती. तिसऱ्या व्हिडिओत मूर्तिकाराची दहा वर्षांची मुलगी बाबांना मदत करते आणि घरगुती गप्पा चालतात. मूल पडद्यावर आहे म्हणून व्हिडिओ आपोआप मुलांसाठी होत नाही. तो कोणाला उद्देशून आहे, हे सगळ्या गोष्टी एकत्र तोलून पाहावे लागते. इथे तराजू मोठ्यांकडे झुकतो.

आता या मूर्तिकाराने चॅनेलच्या सेटिंगमध्ये ‘नेहमी हो’ निवडले आहे असे धरू. त्याला पहिल्यांदा कळते ते गणपतीच्या आधीच्या महिन्यात. भाग एकच्या शेवटी त्याला भाग दोनचा चौकोन लावायचा असतो, पण स्टुडिओत एंड स्क्रीनची जागा करडी पडलेली असते, टिचकी लागत नाही. मग लक्षात येते की शाडू कुठून मागवता असे विचारणाऱ्या कमेंटही येत नाहीत, आणि नवा व्हिडिओ आल्याचे सबस्क्राइब केलेल्यांना कळत नाही. हंगामाचे चार आठवडेच महत्त्वाचे असलेल्या माणसाचे हे मोठे नुकसान आहे. उपाय सोपा आहे. चॅनेलचे सेटिंग ‘प्रत्येक व्हिडिओच्या वेळी ठरवेन’ वर आणायचे, मग Content च्या यादीत जाऊन एकेक व्हिडिओ उघडायचा आणि पहिल्या व तिसऱ्याला ‘नाही’, दुसऱ्याला ‘हो’ द्यायचे. एकेका व्हिडिओला दिलेले उत्तर चॅनेलच्या सरसकट उत्तराच्या वर चालते.

कधी कधी मात्र हे उत्तर बदलताच येत नाही. यूट्यूबची यंत्रणा स्वतःही व्हिडिओ तपासते, आणि मालकाने ‘नाही’ म्हटलेल्या व्हिडिओवर तिने खूण लावली तर स्टुडिओत ती यूट्यूबने लावल्याचे लिहिलेले दिसते. तिथे मालकाचा पर्याय गोठतो. ते चुकीचे वाटले तर अपील करता येते, पण निर्णय यूट्यूबचा.

असे असले तरी यंत्रणा सगळे पकडेल या भरवशावर चॅनेलवाल्याने राहू नये, हे डिस्नेच्या प्रकरणात स्पष्ट झाले. सप्टेंबर 2025 मध्ये डिस्नेने कमिशनशी झालेल्या तडजोडीत 1 कोटी डॉलर द्यायचे मान्य केले. तक्रार खुणेविषयीच होती. कंपनी प्रत्येक व्हिडिओचा विचार न करता चॅनेलच्या पातळीवर एकच उत्तर देत होती, त्यामुळे ‘मुलांसाठी नाही’ असे ठरवलेल्या चॅनेलवर मुलांचे व्हिडिओ खुणेविना जात राहिले. जून 2020 मध्ये यूट्यूबने तीनशेहून अधिक व्हिडिओंची खूण स्वतः बदलून तसे कंपनीला कळवले होते. त्यात ‘टॉय स्टोरी’, ‘फ्रोझन’, ‘कोको’ आणि मिकी माउसशी संबंधित व्हिडिओ होते. तरीही कंपनीने आपली पद्धत बदलली नाही, असा कमिशनचा आरोप होता. खूण नसल्यामुळे मुलांची माहिती गोळा झाली आणि तिच्यावरून त्यांना जाहिराती दाखवल्या गेल्या. शिवाय एक व्हिडिओ संपला की आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ मुलांसाठीचाच असेल, याची हमी राहिली नाही.

मूर्तिकार आणि डिस्ने यांची चूक एकाच जागी झाली. दोघांनी चॅनेलला उत्तर दिले, व्हिडिओला नाही. मूर्तिकाराने मोठ्यांचा मजकूर मुलांच्या कप्प्यात टाकला आणि स्वतःचे नुकसान करून घेतले. डिस्नेने मुलांचा मजकूर मोठ्यांच्या कप्प्यात ठेवला आणि त्याचे मोल मुलांच्या माहितीने चुकवले गेले. दुसरी चूक कितीतरी गंभीर आहे, आणि अमेरिकी कायद्याची नजरही तिच्यावरच आहे. 2019 मध्ये एकेका उल्लंघनाला कमाल 42,530 डॉलर दंडाची तरतूद होती.

पालकांच्या दृष्टीने या खुणेची मर्यादा ओळखणे गरजेचे आहे. ती व्हिडिओच्या दर्जाबद्दल काही बोलत नाही. भडक रंगांचा, ओरडाआरडा असलेला, एकच चित्र शंभर वेळा फिरवणारा व्हिडिओही `madeForKids` ला `true` असू शकतो, आणि तो मुलाला दाखवावा की नाही याचे उत्तर तिथे नाही. खूण असलेला प्रत्येक व्हिडिओ YouTube Kids या अ‍ॅपमध्ये आपोआप जातो असेही नाही, त्या अ‍ॅपची निवड वेगळी होते. उलट, खूण नसलेला शाडूच्या मातीचा तो पहिला व्हिडिओ मुलासोबत बसून पाहायला काहीच हरकत नाही. फक्त तो पाहताना खात्याची नोंद नेहमीसारखी ठेवली जाईल, जाहिराती त्या खात्याच्या आवडीच्या येतील आणि खाली कोणीही काहीही लिहिलेले दिसेल.

खुणेतली वयाची रेघ तेरा वर्षांची आहे, कारण ती अमेरिकी कायद्यातून आली. भारताने 2023 साली केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे, आणि मुलांचा माग काढायला व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. तेरा ते सतरा या वयातल्या मुलामुलींना मात्र ही खूण मोजत नाही. नववीतल्या मुलीचा आवडता व्हिडिओ खुणेच्या बाहेरच असतो, त्यावर कमेंट चालतात, बेल आयकॉन वाजतो आणि Save ही होते. तिच्या माहितीचे काय होते ते व्हिडिओखालच्या पट्टीवरून कळणार नाही. त्यासाठी तिच्या खात्यात नोंदवलेली जन्मतारीख खरी आहे का ते आधी पाहावे लागते, आणि मग त्याच खात्याची जाहिरातींची व पाहिलेल्या व्हिडिओंच्या नोंदींची सेटिंग उघडावी लागतात.